काउंटर ऑफरच्या मेलमध्ये रेंज लिहावी की एकच आकडा?

ऑफर हातात आली, जागा आवडली, पण आकडा बाजाराच्या मानाने कमी वाटतो आणि एचआरशी संबंधही बिघडवायचे नाहीत, अशा वेळी मेल दोन तऱ्हेने लिहिता येतो. एकात बाजारातली रेंज सांगून निर्णय समोरच्यावर सोपवायचा. दुसऱ्यात बाजाराचा आधार देऊन एकच आकडा मागायचा. नोकरी बदलताना मी दोन्ही तऱ्हेचे मेल पाठवले आहेत.

उदाहरण घेऊ. पुणे, बॅकएंड डेव्हलपर, सहा वर्षांचा अनुभव. ऑफर 18 लाख सीटीसी, त्यात 10 टक्के व्हेरिएबल. म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून फिक्स्ड 16 लाख 20 हजार. मेल इंग्रजीत जातो, इथे आशय देतो.

रेंजचा मेल असा: "ऑफरबद्दल मनापासून आभार. पुण्यात या अनुभवासाठी साधारण 19 ते 23 लाख दिले जातात असं दिसतं. त्या दृष्टीने फेरविचार करता येईल का?"

वाचायला हा मेल फार सौम्य आहे. कुठेही अडवणूक नाही, आणि अँबिशनबॉक्स किंवा ग्लासडोअर उघडलं की रेंज लगेच मिळते. पण मला खटकलं ते पुढे. सुधारित ऑफर आली ती बरोबर रेंजच्या खालच्या टोकावर, आणि सोबत नम्र वाक्य: "आपण सांगितलेल्या रेंजमध्ये बसवलं आहे." यावर बोलणार काय? खालचा आकडा आपणच लिहिलेला असतो. पुन्हा मागितलं तर आपणच शब्द फिरवल्यासारखं दिसतं, म्हणजे ज्या सौम्यपणासाठी रेंज लिहिली तोच हातातून जातो. वरच्या उदाहरणात 19 लाख सीटीसी मिळाले, तर व्हेरिएबल वजा जाता फिक्स्ड 17 लाख 10 हजारच राहतं. शिवाय अशा साइटवर कर्मचारी स्वतः आकडे भरतात. कुणी फिक्स्ड टाकतं, कुणी बोनससकट सगळं. त्यामुळे "आमची ऑफरही जवळपास तेवढीच आहे" असं म्हणायला एचआरला वाव राहतो.

एका आकड्याचा मेल असा: "ऑफरबद्दल आभार. टीमशी बोलल्यावर इथेच यायची इच्छा पक्की झाली आहे. पुण्यात सहा वर्षांच्या बॅकएंड अनुभवासाठी अलीकडे माझ्या माहितीतल्या ऑफर फिक्स्ड 18 लाखांच्या आसपास आहेत. आपल्या ऑफरमध्ये फिक्स्ड 16 लाख 20 हजार आहे. फिक्स्ड 18 लाख होऊ शकलं, तर मी लगेच होकार कळवेन. यात काय शक्य आहे, ते जरूर सांगा."

यात 'कमी' हा शब्द कुठेच नाही; दोन आकडे शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. मागणी फिक्स्डमध्ये असल्याने व्हेरिएबल वाढवून आकडा फुगवता येत नाही. आणि एचआरला वाढीव रकमेसाठी हायरिंग मॅनेजर आणि फायनान्सची मंजुरी घ्यावी लागते. हा मेल ते जसाच्या तसा पुढे पाठवू शकतात. रेंजच्या मेलनंतर मात्र बहुधा फोन येतो: "नेमकं किती हवंय?" मला फिक्स्ड 18 मागून साडेसतरा मिळाले तरी ते खालच्या टोकाच्या फिक्स्ड 17 लाख 10 हजारांपेक्षा बरे वाटतात.

यासाठी माहिती गोळा करण्याचे कष्ट पडतात, हे मान्य. एकाच शहरातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या तीन-चार जणांना अलीकडे मिळालेल्या ऑफर विचाराव्या लागतात, आणि प्रत्येकाला "फिक्स्ड किती?" हे वेगळं विचारावं लागतं. नोकरीसाठी फोन करणाऱ्या रिक्रूटरला "या जागेचं बजेट किती?" विचारलं तर पुष्कळदा उत्तर मिळतं. मेलमध्ये मित्राचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव घालू नये. "लगेच होकार" हेही खरंच द्यायचा असेल तरच लिहावं. आकडा मान्य झाल्यावर मुदत मागितली की सगळी सदिच्छा जाते.

रेंज अगदीच टाकाऊ आहे असं नाही. ऑफर येण्याआधी फोनवर "एक्स्पेक्टेड किती?" विचारतात, तेव्हा कंपनीचं बजेट माहीत नसल्याने रेंज सोयीची पडते. हाताशी साइटचेच आकडे असतील तर एकच आकडा ठामपणे मांडणंही बरोबर वाटत नाही. तेव्हा खालचं टोक असं ठेवावं की तेवढंच मिळालं तरी आपण आनंदाने रुजू होऊ. 19 वर मन नाराज असेल, तर 20 पासून सुरुवात करावी.

दोन्ही मेलना एकच भिंत आडवी येते, ती म्हणजे कंपनीचा बँड. "जरा विचारून सांगतो" असं उत्तर आलं तर मंजुरीचा प्रयत्न चालू आहे असं समजायला हरकत नाही. "या ग्रेडला एवढंच बसतं" असं आलं, तर बाजाराचे आकडे पुन्हा पाठवू नयेत. तेव्हा जॉइनिंग बोनस मागावा, किंवा व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये वळवता येईल का हे विचारावं. सीटीसी तेवढाच राहत असल्याने ही दुसरी विनंती मान्य होणं त्यांना त्यातल्या त्यात सोपं जातं.