मुदत कर्जाचा प्रकल्प: वॅक वापरावा की एपीव्ही?

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या युनिटचा विस्तार धरू. गुंतवणूक १० कोटी, करानंतरची रोकड दरवर्षी १.८५ कोटी, आयुष्य १० वर्षं. बँकेचं मुदत कर्ज ६ कोटी, व्याज १० टक्के, मुद्दल पाच वर्षांत समान फेडायचं. कर २५.१७ टक्के. कर्ज नसतं तर भागधारकांनी मागितला असता तो परतावा १४ टक्के.

वॅक म्हणजे कर्ज आणि भागभांडवल यांच्या खर्चाची भारित सरासरी; व्याजावरची करबचत त्या दरातच धरलेली असते. त्याचं काम झटपट होतं. कर्ज ६० टक्के धरलं की दर १२.४९ टक्के येतो आणि निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २५ लाख अधिक. प्रकल्प मंजूर.

मला खटकतं ते इथेच. हा एकच दर दहाही वर्षं लावायचा, तर कर्जही दहाही वर्षं उरलेल्या मूल्याच्या ६० टक्के राहायला हवं. पाचव्या वर्षअखेर या हिशेबात प्रकल्पाचं मूल्य साधारण ६.६ कोटी उरतं, म्हणजे वॅकच्या लेखी अजून जवळपास ४ कोटींचं कर्ज आहे. बँकेच्या वेळापत्रकात मात्र तेव्हा बाकी शून्य. जे व्याज कधी भरलंच जाणार नाही, त्याची करबचतही त्या २५ लाखांत धरली गेली. दरवर्षी वेगळा वॅक काढता येतो, पण त्यासाठी आधी दरवर्षीचं मूल्य लागतं आणि तेच तर शोधायचं असतं.

एपीव्ही म्हणजे समायोजित वर्तमान मूल्य; यात प्रकल्पाचं मूल्य आणि कर्जाचा परिणाम वेगवेगळा मोजतात. आधी कर्ज नाहीच असं समजून १४ टक्क्यांनी मोजायचं: उणे ३५ लाख. मग वेळापत्रकातलं व्याज घ्यायचं: ६०, ४८, ३६, २४, १२ लाख. त्यावरची करबचत पहिल्या वर्षी १५.१ लाख, पाचव्या वर्षी ३ लाख. १० टक्क्यांनी आजचं मूल्य ३६.५ लाख. बँकेची १ टक्का प्रोसेसिंग फी करबचत वजा जाता ४.५ लाख. हाती उरतात उणे ३ लाख. व्याज अनुदान मिळणार असेल तर त्याची वेगळी ओळ घालावी, मात्र तेवढं व्याज कमी झाल्याने करबचतही घटते.

एपीव्हीतही चुका होतात. सर्रास दिसणारी म्हणजे बँकेला दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमधला करोत्तर नफा तसाच उचलणं. त्यात व्याज आधीच वजा झालेलं असतं. पहिल्या पायरीत कर व्याजापूर्वीच्या नफ्यावरच काढावा, नाहीतर करबचत दोनदा मोजली जाते. दुसरं, घसाऱ्यामुळे पहिल्या वर्षी करपात्र नफाच नसेल तर ते १५.१ लाख पुढे सरकतात. एक वर्षाच्या उशिराने सव्वा लाख जातात. करबचतीला १० टक्के दर लावावा की १४, यावर मतभेद आहेत. १४ लावला तर ती आणखी पावणेतीन लाखांनी घटते, निर्णय तोच राहतो.

कंपनी जुनं कर्ज फिटलं की नवं घेऊन प्रमाण खरोखर टिकवत असेल, तर वॅकच सोयीचा. हप्त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असेल, तर मात्र माझा कल एपीव्हीकडे आहे. उणे ३५ ही वेगळी ओळ समोर असली की प्रकल्प स्वतःच्या कमाईवर उभा नाही हे पहिल्या पायरीलाच कळतं.