कापडी डायपर की डिस्पोजेबल? सेट घ्यायच्या आधी हे वाचा

कापडी स्वस्त पडतं असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण कधीपासून स्वस्त पडतं ते कोणी सांगत नाही, म्हणून आधी तेवढा हिशोब करू. समजा एक कापडी डायपर इन्सर्टसकट, म्हणजे आत घालायच्या शू शोषणाऱ्या घडीसकट, २५ डिस्पोजेबलच्या किमतीत येतो. २० चा सेट घेतला तर सुरुवातीलाच ५०० डिस्पोजेबलचे पैसे गेले. बाळाला दिवसाला ७ लागतात, म्हणजे दोन दिवसांचे १४ वाचले, पण दर दोन दिवसांनी मशीन लागणार, तिचं पाणी, वीज, पावडर मिळून साधारण ३ डिस्पोजेबलचा खर्च धरा. उरले ११. या हिशोबाने पैसे वसूल व्हायला तीन महिने लागतात आणि रात्री डिस्पोजेबल वापरलं तर पावणेचार. तुमच्याकडच्या किमती टाकून हेच गणित करून बघा. त्यानंतर मात्र जवळजवळ सगळी बचतच, आणि तोच सेट दुसऱ्या बाळालाही चालला तर विचारूच नका. पण बाळ दीड-पावणेदोन वर्षांचं झालंय आणि आता सेट घ्यायचा विचार करताय, तर माझ्या मते घेऊ नका, वसूल होईपर्यंत पॉटी ट्रेनिंग सुरू होईल.

आता या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलीय ती म्हणजे कपडे वेळेत वाळतात, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं. २० पैकी १४ धुवायला गेले की हातात उरतात ६, म्हणजे जेमतेम एक दिवस. जाड बांबूचे इन्सर्ट दमट हवेत दीड-दोन दिवस घेतात, मग दुसऱ्या दिवशी डिस्पोजेबलचं पाकीट आणावंच लागतं. म्हणून अख्खा सेट एकदम घेऊ नका, आधी तीन-चार घ्या, घरी धुवून वाळत घाला आणि इन्सर्टच्या मधोमध बोटाने दाबून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. एक दिवसात वाळत नसेल तर पातळ घडीचे सुती इन्सर्ट घ्या, उघडून वाळवता येतात.

धुण्याचं काम वाटतं तितकं घाण नाही पण शिस्तीचं आहे. शी आधी टॉयलेटमध्ये टाकायची, शूचे डायपर बादलीत भिजत ठेवायचे नाहीत, हवा लागेल अशा टोपलीत कोरडेच ठेवायचे. मशीनमध्ये आधी साध्या पाण्याचा एक राउंड, मग पुरेशी पावडर घालून मोठा वॉश. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही. धुतलेल्या इन्सर्टवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो मण्यासारखा वरच राहिला तर समजा थर बसलाय. आणि धुतलेल्या डायपरमध्ये बाळाने नुकतीच शू केली तरी डोळ्यांत झोंबणारा वास आला, तर बहुतेक वेळा पावडर कमी पडतेय किंवा मशीन ठासून भरलं जातंय.

त्वचेचं मात्र लोक सरसकट 'कापडी म्हणजे रॅश नाही' म्हणतात ते मला पटत नाही. रॅश येतो तो ओल, घासणं आणि शी-शू एकत्र बराच वेळ अंगाला लागून राहिल्यामुळे. डिस्पोजेबलमधलं जेल ओल आत ओढून धरतं, त्यामुळे रात्री ते खरंच जास्त कोरडं राहतं. कापडी दर दोन-तीन तासांनी बदललं तरच ते बरोबरीचं. शी झाली की कुठलंही असो, लगेच बदला. रॅश कुठे आलाय तेही बघा. फुगीर भागावर लाल आणि घड्यांमध्ये ठीक असेल तर बहुतेक ओलीचा आहे, जास्त वेळा बदलून आणि झिंक ऑक्साइडच्या क्रीमने सुधारतो (कापडीत क्रीम लावताना मध्ये लायनर टाका, नाहीतर तेच कापडावर बसतं). घड्यांमध्येही गडद लाल आणि कडेला सुटे ठिपके असतील तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. कंबर-मांडीच्या कडेलाच लाल पट्टा दिसला तर साइज किंवा इलॅस्टिक तपासा.

प्रवासात डिस्पोजेबलच, यात मी फार विचार करत नाही. वापरलेले कापडी डायपर दिवसभर बरोबर वागवायचे आणि पोचल्यावर धुवायला जागा शोधायची हे लहान बाळ सांभाळताना जड जातं. दोन-चार तासांसाठी बाहेर जायचं असेल तर मात्र दोन कापडी आणि चेनवाली वॉटरप्रूफ पिशवी पुरते, फक्त घरी आल्या आल्या ती रिकामी करा, बंद पिशवीत रात्रभर राहिलं की वास कापडात मुरतो.