सात महिने स्वतःच स्वतःचे पेपर काढल्यावर

राज्यसेवेच्या तयारीत मी प्रत्येक प्रकरणाचा अर्ध्या पानाचा सारांश काढते. जूनपासून त्याच सारांशावर बहुपर्यायी प्रश्न स्वतः बनवून आठ-दहा दिवसांनी सोडवायला लागले. साधन म्हणाल तर एक स्प्रेडशीट: प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तर आणि शेवटी ‘हा चकवा कुठून आला’ असा रकाना. पुस्तकी मराठीत चुकीच्या पर्यायाला विकर्षक म्हणतात, पण अभ्यासिकेत तो शब्द उच्चारला की लोक वळून बघतात. आम्ही चकवाच म्हणतो.

पहिला दीड महिना जवळपास वाया गेला, कारण चकवे मी मनाने लिहीत होते. राष्ट्रपती राजवटीच्या घोषणेला संसदेची मंजुरी किती मुदतीत लागते, या प्रश्नाला माझे पर्याय होते 2 महिने, 5 महिने, 9 महिने आणि 1 वर्ष. कलम 356 धड न वाचलेलासुद्धा इथे 2 वर बोट ठेवील. पाच आणि नऊ महिने या मुदती मी त्या भागात कुठेच वाचल्या नव्हत्या, म्हणून त्या खोट्या वाटतातच. वीसपैकी एकोणीस गुण मिळायचे आणि मी खूश.

मग रूममेटने एक गोष्ट सुचवली आणि पद्धतच बदलली. चुकीचा पर्याय दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं खरं उत्तर असला पाहिजे, आणि तो शेजारच्या सारांशातूनच उचलायचा. मग तोच प्रश्न असा झाला: 14 दिवस, 1 महिना, 2 महिने, 6 महिने. एक महिना ही राष्ट्रीय आणीबाणीच्या मंजुरीची मुदत. सहा महिने म्हणजे मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रपती राजवट एका वेळी जितकी चालते तो काळ. चौदा दिवस धन विधेयक परत करायला राज्यसभेला मिळतात. आता चुकलं की नुसतं ‘चूक’ कळत नाही, कुठल्या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींत मिसळल्यात ते कळतं. मी तीन वेळा ‘6 महिने’ निवडलं. म्हणजे मंजुरीची मुदत आणि अंमलाची मुदत यांत माझा घोळ होता, आणि नुसता सारांश वाचताना तो एकदाही जाणवला नव्हता.

कोणता चकवा किती वेळा फसवतो याच्या खुणाही करत गेले. ‘14 दिवस’ आम्हा दोघींपैकी कुणीच कधी निवडलं नाही. विषय धन विधेयकाचा, मोजमाप दिवसांत, त्यामुळे तो पर्याय नुसता जागा अडवून बसला होता. त्याच्या जागी ‘6 आठवडे’ टाकलं. संसदेचं अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून वटहुकूम जास्तीत जास्त तेवढाच टिकतो. त्याने रूममेट पहिल्याच फेरीत पडली. चौथा चकवा सुचतच नसेल तर मी आता तीनच पर्याय ठेवते.

या पद्धतीचा धोकाही लगेच दिसला. मी लिहिलं होतं, ‘कोणत्या आणीबाणीला संसदेत साधं बहुमत पुरतं?’ पर्याय तिन्ही आणीबाण्यांचे, बरोबर उत्तर राष्ट्रपती राजवट. रूममेट म्हणाली, “अगं, आर्थिक आणीबाणीलाही साधंच लागतं की!” खरंच होतं. विशेष बहुमत फक्त राष्ट्रीय आणीबाणीला लागतं. शेजारून उचललेला पर्याय तिथे खरा असतो, आणि कधीकधी इथेही खरा निघतो. तेव्हापासून प्रत्येक चकवा प्रश्नात बसवून पूर्ण वाक्य वाचते. तो प्रश्न मी उलटा केला, ‘कोणत्या आणीबाणीला साधं बहुमत पुरत नाही?’, आणि तो सुटला.

आणखी एक बारीक गोष्ट. चाळीस प्रश्न झाल्यावर पाहिलं तर अर्ध्याहून जास्त उत्तरं ‘क’ होती, आणि बरोबर पर्याय बहुधा सगळ्यांत लांबलचक, अटी-शर्तींसकट. मी ज्ञानावर नाही, सवयीवर सोडवत होते. आता आकडे असतील तर पर्याय लहानाकडून मोठ्याकडे लावते आणि लांबी मुद्दाम सारखी करते.

एका गोष्टीवर मात्र उपाय सापडला नाही. सारांशात जे नाही त्यावर प्रश्नच तयार होत नाही. राष्ट्रपती राजवटीच्या सारांशात मी ‘2 महिने’ लिहून पुढे गेले होते. त्या काळात लोकसभा विसर्जित झालेली असेल आणि राज्यसभेने मंजुरी दिलेली असेल, तर नव्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीपासून 30 दिवस मिळतात, हा अपवाद मी गाळला होता. एका सराव परीक्षेत नेमकं तेच आलं. मी बिनधास्त ‘2 महिने’ ठोकलं आणि नकारात्मक गुण घेऊन आले. घरी शीटमध्ये त्या प्रकरणावर माझे अकरा प्रश्न होते आणि अकराही मला तोंडपाठ होते.

म्हणून आता दोन बदल केलेत. सारांश मी काढते, पण प्रश्न रूममेट काढते, आणि तेही मूळ प्रकरण उघडं ठेवून. तिच्या प्रश्नांवर माझे गुण वीसपैकी तेरा-चौदा येतात. एका प्रकरणाला तिला पाऊण तास लागतो, बदल्यात तिच्या भूगोलाचं काम माझ्या गळ्यात आहे. भूगोलात शेजारचा चकवा शोधणं जड जातं. नद्यांच्या उपनद्या सोडल्या तर मला अजून नीट जमलेलं नाही.