शिक्षेचे सिद्धान्त आणि न्यायाधीशांची विधानं: जोड्या लावा प्रश्नसंच काही महिने वापरल्यावर

सेट-नेटच्या कायदा विषयासाठी एका क्लासचा छापील प्रश्नसंच घेतला होता. ज्युरिस्प्रुडन्सच्या भागात शिक्षेच्या सिद्धान्तांवर बरेच प्रश्न आहेत: डाव्या बाजूला न्यायाधीशाचं विधान, उजवीकडे डेटरंट, रेट्रिब्युटिव्ह, रिफॉर्मेटिव्ह. विधानं चांगली निवडली आहेत. उत्तरसूचीबद्दल मात्र तक्रार आहे, कारण तिथे फक्त अक्षर दिलंय. कारण एकाही ओळीचं नाही. आणि या प्रकारच्या प्रश्नात कारणच तर हवं असतं.

सोपी विधानं पटकन सुटतात. घोडाचोराला फाशी सुनावताना न्यायमूर्ती बर्नेट म्हणाले होते असं सांगतात, की तुला घोडा चोरलास म्हणून फाशी नाही, यापुढे घोडे चोरले जाऊ नयेत म्हणून आहे. नजर भविष्यावर, तीही इतर चोरांच्या भविष्यावर. डेटरंट. कृष्ण अय्यर यांचं १९७७ च्या मोहम्मद गियासुद्दीन खटल्यातलं विधानही तसंच सरळ आहे: गुन्हा ही विकृती आहे, गुन्हेगार सहसा सुधारू शकतो, आणि राज्याने सूड न घेता त्याचं पुनर्वसन करावं. आरोपीने नोकरी लावून देतो म्हणून लोकांना फसवलं होतं. कोर्टाने शिक्षा तर कमी केलीच, शिवाय तुरुंगात त्याला रटाळ, यांत्रिक काम न देता डोकं लागेल असं काम द्यावं असंही सांगितलं. इथेही नजर भविष्यावरच आहे, पण या एकाच माणसाच्या. रिफॉर्मेटिव्ह.

खरी गंमत पुढे आहे. संचातला सर्वांत चांगला प्रश्न लॉर्ड डेनिंगचा. देहदंडाचा विचार करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९४९ ते १९५३ मध्ये रॉयल कमिशन होतं, त्यापुढच्या साक्षीत डेनिंग यांनी सांगितलं, की शिक्षेचं अंतिम समर्थन ती धाक बसवते हे नाही. समाजाने त्या गुन्ह्याचा केलेला ठाम निषेध, हे आहे. विधानात ‘डेटरंट’ हा शब्द आहे, म्हणून घाईत पेन्सिल तिकडेच जाते. पण डेनिंग तो शब्द घेतात तो नाकारण्यासाठी. समर्थन कुठे आहे? घडून गेलेल्या गुन्ह्याबद्दल समाजाला वाटणाऱ्या घृणेत. ती मागे पाहणारी भूमिका आहे, म्हणून तीन पर्यायांत रेट्रिब्युटिव्ह. पर्यायांत ‘डिनन्सिएटरी’ वेगळा दिला असेल तर मात्र तोच, कारण डोळ्याला डोळा आणि जाहीर निषेध हे एकच नव्हे. संचात हा फरक कुठेच येत नाही. (तसं पाहिलं तर हे निकालपत्रातलं विधानच नाही, साक्षीतलं आहे.)

धनंजय चॅटर्जी खटल्यात, १९९४ साली, सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की योग्य शिक्षा ही गुन्हेगारांविरुद्ध न्याय मागणाऱ्या समाजाच्या हाकेला कोर्टाने दिलेली ओ आहे, आणि शिक्षेचं माप गुन्ह्याच्या क्रौर्यावर, गुन्हेगाराच्या वर्तनावर आणि बळीच्या असहायतेवर ठरावं. तिन्ही गोष्टी घडलेल्या कृत्याकडे बोट दाखवतात. उद्या काय होईल याचा त्या मोजमापात भाग नाही. सूचीतलं ‘रेट्रिब्युटिव्ह’ इथे बरोबर आहे.

१९८७ चा महेश विरुद्ध मध्य प्रदेश मात्र मला अजूनही पूर्ण पटत नाही. फाशी कायम ठेवताना कोर्ट म्हणतं, कमी शिक्षा दिली तर सामान्य माणसाचा न्यायालयावरचा विश्वास उडेल; अशा खटल्यांत त्याला सुधारणेच्या शब्दजालापेक्षा धाकाची भाषा जास्त कळते. सूची ‘डेटरंट’ म्हणते, आणि परीक्षेत मीही तेच लिहीन, कारण कोर्टाने तसं नावच घेतलंय. पण इथला ‘तो’ म्हणजे विश्वास उडणारा सामान्य माणूस, संभाव्य खुनी नव्हे. कोर्टाला काळजी आहे ती न्यायव्यवस्थेच्या प्रतिष्ठेची. म्हणजे नाव डेटरन्सचं, आणि आतला युक्तिवाद डेनिंगच्या बराच जवळचा.

आता माझी सवय अशी झालीय, की सिद्धान्ताचं नाव असलेला शब्द आधी बोटाने झाकायचा आणि उरलेल्या वाक्यात ‘कशासाठी’ चं उत्तर शोधायचं. डेनिंग असा लगेच सुटतो, महेश सुटत नाही. बच्चन सिंग, १९८०, यावर ही पद्धत साफ बंद पडते. ‘विरळातली विरळ’ कसोटीत गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा आणि तो सुधारण्याची शक्यता आहे का हेही तपासायचं, म्हणजे दोन सिद्धान्त एकाच मापात. संचाने त्यालाही एकच अक्षर दिलंय. तो प्रश्न मी खोडून टाकला.

विधानांसाठी घ्यायला हरकत नाही. उत्तरसूची बाजूला ठेवून सोडवा, आणि जमेल तिथे निकालपत्रातला तो परिच्छेद उघडून वाचा.