पोस्ट-ऑडिटनंतर काय बदलायचं: डिस्काउंट रेट की अंदाजातल्या ओळी?

झालेल्या प्रकल्पांचं पोस्ट-ऑडिट केलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट समोर येते: मंजुरीच्या वेळचे आकडे सुखावह होते, प्रत्यक्षातले तसे निघाले नाहीत. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. हे शहाणपण पुढच्या प्रस्तावाच्या एनपीव्हीत, म्हणजे येणारी रोख आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्यात, उतरवायचं कसं? एक वाट म्हणजे सगळ्याच प्रस्तावांचा डिस्काउंट रेट, ज्या वार्षिक दराने ती रोख आजच्या किमतीत आणतात तो, दोन-तीन टक्क्यांनी चढवायचा. दुसरी म्हणजे दर आहे तसाच ठेवायचा आणि ऑडिटमध्ये अंदाजातली खर्चाची किंवा रोखीची जी ओळ चुकलेली सापडली तीच दुरुस्त करायची. चाकणच्या एका कारखान्याच्या फायनान्समध्ये असताना मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

दर चढवणं फार सोपं. एका परिपत्रकात काम होतं, जुन्या फाइली उकराव्या लागत नाहीत. आम्हीही तेच केलं, 12 चे 15 टक्के केले. त्यानंतर आलेले दोन प्रस्ताव आकडे गोल करून मांडतो.

पहिला, नवी मशीनिंग लाइन. गुंतवणूक 10 कोटी, सात वर्षं दरवर्षी अडीच कोटी रोख. 12 टक्क्यांनी एनपीव्ही 1.41 कोटी, 15 टक्क्यांनी 40 लाख. म्हणजे चाळणी बारीक करूनही पास. दुसरा, छतावरचा सौर प्रकल्प. गुंतवणूक तेवढीच, पंधरा वर्षं दरवर्षी 1.65 कोटींची बचत. 12 टक्क्यांनी 1.24 कोटी, 15 टक्क्यांनी उणे 35 लाख. नापास.

आता ऑडिटची फाइल काय सांगत होती? आधीच्या लाइनींची चूक जवळजवळ सगळी सुरुवातीला होती. खर्च साधारण 8 टक्के वाढलेला, पहिल्या वर्षी अंदाजाच्या 40 टक्केच रोख आलेली, दुसऱ्या वर्षी 75 टक्के. फिक्स्चर उशिरा येतात, ग्राहकाकडून सॅम्पलची मंजुरी लांबते, रिजेक्शन खाली यायला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षापासून मात्र आकडे जुळत होते. या तीन दुरुस्त्या नव्या लाइनला लावल्या आणि दर 12 च ठेवला, तर एनपीव्ही उणे 1.23 कोटी येतो. सौर प्रकल्पाला असं रखडणं नव्हतं: पुरवठादाराचा भाव बांधलेला, आणि पॅनेल बसल्यावर पहिल्याच वर्षापासून वीज.

वाढीव दर सर्वांत जास्त कापतो तो लांबच्या वर्षांचा पैसा, आणि आमची चूक होती पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे ज्याला अडवायला हवं होतं तो सुटला आणि ज्याचा दोष नव्हता तो अडकला.

तरीही माझं मन वळलं ते यामुळे नाही. दर 15 झाल्याची बातमी शॉप फ्लोअरवर पोचली आणि पुढच्या तिमाहीपासून प्रस्तावांतली विक्री फुगायला लागली. एका प्रस्तावाचा मसुदा आणि अंतिम प्रत मी शेजारी ठेवून पाहिली. मशीन तेच, ग्राहक तोच, फक्त वार्षिक नग वाढलेले, एनपीव्ही शून्याच्या जरा वर जाईल इतकेच. मला हे फार लागलं, कारण आता त्या प्रस्तावाचं पुढे पोस्ट-ऑडिट करून काहीच कळणार नव्हतं. अंदाज मनापासूनचा चुकला की दरासाठी वाढवला, हे वेगळं काढता येत नाही. ओळीच्या दुरुस्तीत हा त्रास कमी वाटला. “मागच्या लाइनींना पहिल्या वर्षी 40 टक्के मिळाले, तुमच्याकडे 90 कशाच्या जोरावर?” असं विचारलं की समोरचा फिक्स्चरच्या तारखा काढून दाखवतो किंवा आकडा खाली आणतो.

ब्रिटनच्या वित्त खात्याची पद्धतही ओळीचीच आहे. तिथे भांडवली खर्चावरच कामाच्या प्रकारानुसार वाढ धरतात: साध्या इमारतींना 2 ते 24 टक्के, नेहमीपेक्षा वेगळ्या स्थापत्यकामांना 6 ते 66. हे आकडे मात्र सार्वजनिक कामांचे आहेत, कारखान्याला जसेच्या तसे उचलू नयेत.

ओळीच्या वाटेलाही अडचणी आहेत. मंजुरीच्या दिवशीची एक्सेल शीट गोठवून ठेवलेली नसेल, तर तुलना कशाशी करणार? एकाच प्रकारचे पाच-सहा तरी प्रकल्प हवेत, आणि तेवढ्यांत सरासरीपेक्षा मधला आकडा धरलेला बरा, एखादं बिघडलेलं काम सगळं ओढून नेतं. शिवाय ऑडिट होतं फक्त मंजूर प्रकल्पांचं. ज्यांचा अंदाज योगायोगानेच चढा आला तेच जास्त निवडले जातात, म्हणून कुणीही फुगवलं नसलं तरी थोडी घसरण दिसणारच. ती सगळी प्रस्ताव करणाऱ्याच्या माथी मारू नये.

तुमच्याकडे जुन्या शीटच नसतील, किंवा मागण्या दहा-वीस लाखांच्या असतील, तर चढा दर वर्षभर चालवून घ्यायला माझी हरकत नाही. पण तेवढ्या काळात मंजूर होणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाची शीट तारीख घालून लॉक करून ठेवा, आणि नाकारलेल्यांचीही.