रूममेटच्या निरोपाच्या चिठ्ठीचा सात महिन्यांचा अनुभव

माझी रूममेट नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा मी कामावर होते. परत आल्यावर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक कागद सापडला. तो गेले सात महिने माझ्या वापरात आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहीत आहे.

सर्वाधिक उपयोगी पडली ती अगदी रुक्ष ओळ: "१२ तारीख, सकाळी सबमीटर ४३१८." आमच्या पीजीत विजेचे बिल खोलीनुसार येते आणि मालकीणबाई ते सरळ निम्मे करून दोघींकडून घेतात. त्या महिन्याचे वाचन ४२५० ते ४३७०, म्हणजे एकूण १२० युनिट होते. ती जाईपर्यंतच्या ६८ युनिटांतला तिचा वाटा ३४. पुढची ५२ युनिट मी एकटीने वापरल्यामुळे माझा वाटा ८६ झाला. निम्म्याने वाटणी केली असती, तर डिपॉझिटमधून तिचे २६ युनिटांचे पैसे विनाकारण कापले गेले असते. मी कागदाचा फोटो दाखवल्यावर मालकीणबाईंनी कुरकुरत का होईना, हिशेब बदलला. (तोटा माझाच झाला, हे मान्य आहे.)

गादी पीजीची, बादली आणि एक्स्टेंशन बोर्ड तिचे पण आता माझे, ही नोंदही कामी आली, कारण नवी मुलगी आली तेव्हा सामानाच्या यादीत तो बोर्ड पीजीचा म्हणून लिहिला जाणार होता.

चिठ्ठीत एक मोठी उणीव मात्र आहे. "माझे टपाल आले तर ठेव," एवढेच लिहिले आहे. कोणते, किती दिवस आणि पुढे कुठे पाठवायचे, याचा उल्लेख नाही. बँकेने जुन्या पत्त्यावर पाठवलेले तिचे नवे डेबिट कार्ड माझ्या खणात तीन आठवडे पडून राहिले, कारण तो लिफाफा मला जाहिरातीचा वाटला. बँकेतला पत्ता निघण्यापूर्वीच बदलला असता किंवा अपेक्षित टपालाची दोन नावे लिहिली असती, तर हे टळले असते.

मनातल्या गोष्टींविषयी तिने कमी लिहिले आहे. "काही चुकले असल्यास क्षमस्व" हे वाक्य मी वाचून सोडून दिले. त्याखाली मात्र, "मी फोनवर दोनपर्यंत बोलत होते ती तुझ्या मुलाखतीची आदली रात्र होती, हे मला नंतर कळले," असे लिहिले आहे. त्या रात्रीवरून मी तिच्याशी आठवडाभर तुटक वागले होते आणि कारण कधी सांगितले नव्हते. ते वाचून मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

कागद अजून तिथेच आहे. गीझरच्या बटणाविषयीची ओळ दुरुस्तीनंतर निरुपयोगी झाल्याने नव्या मुलीने ती खोडली आहे आणि ४३१८ च्या खाली स्वतः आली त्या दिवसाचे वाचन लिहिले आहे.