बंद घरातल्या दोन बॅटऱ्या: लॅपटॉप आणि इन्व्हर्टर

चार महिने घर बंद ठेवताना लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. भरलेली बॅटरी उकाड्यात राहिली तर तिची क्षमता कायमची घटते. पूर्ण रिकामीही ठेवू नये.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीचं नेमकं उलट. ती पूर्ण भरून, तारा काढूनच ठेवावी. अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग चार्जिंग धरत नाही. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.७ दाखवते, १२.४ वर आली की पुन्हा भरायलाच हवी. म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली द्याच.

जागा मात्र दोघींना थंड, कोरडी हवी. १५ अंश उत्तम. पत्र्याखालचा माळा नकोच.